दाताचा च, टाळूचा च

बाईंना लोक 'वाचकबाई' म्हणत. अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या आमच्या वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षं पुस्तकं वाचली. आधी कॅसेटवर, मग तबकड्यांवर, मग थेट संगणकात. त्या आल्या होत्या टंकलेखिका म्हणून. एके दिवशी वाचणारे गृहस्थ आले नाहीत, कुणीतरी बाईंना माइकसमोर बसवलं, आणि त्या पुन्हा टंकलेखनाच्या टेबलाकडे गेल्याच नाहीत. मी तिथली संगणकवाली. स्वभावाने तिरसट आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको.

बाईंचे यजमान, म्हणजे काका, वेताच्या खुर्च्या विणतात. एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. बाईंना त्यांनी कधीच पाहिलेलं नाही. आधी कॅसेटवर आवाज ऐकला, मग वाचनालयात चौकशी केली, मग चौकशीसाठीच येत राहिले. "मी आवाजाशी लग्न केलं, बाई त्याच्याबरोबर फुकट आली," असं ते अजूनही चारचौघांत सांगतात आणि बाई त्यांना चारचौघांतच दटावतात.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की घशातली गाठ वाईट आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात एकच विचार आला आणि तो कुणीच बोलून दाखवला नाही. बाईंनीच दाखवला. "दुसऱ्या कुणाची बायको मुकी झाली तर ती पाटीवर लिहून दाखवेल. मी यांना काय दाखवू?"

"ब्रेल आहे की," मी म्हणाले.

"ब्रेलमध्ये भांडता येत नाही," बाई म्हणाल्या.

शस्त्रक्रियेला एकवीस दिवस होते. दिवसाला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मी म्हटलं, त्या चाळीस मिनिटांत तुमचा आवाज साठवते. तुम्ही वाक्यं वाचा, संगणक त्यातून तुमचा आवाज शिकेल, नंतर तुम्ही टाइप केलंत की तो तुमच्या आवाजात बोलेल. जुन्या कॅसेटींचा उपयोग नव्हता. त्यांत पंख्याची घरघर इतकी होती, की यंत्र आधी घरघरच शिकलं असतं.

बाईंनी रडून घेतलं असेल तर घरी घेतलं असेल. दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वाजता त्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हजर होत्या. ती खोली म्हणजे भिंतींना स्पंज, दाराला जाड पडदा आणि पंखा बंद. पाच मिनिटांत पाठीला घाम फुटतो. बाईंनी हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या, कोमट पाण्याचा पेला शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "आण तुझी वाक्यं."

आता माझी चूक. वाक्यं निवडायला मला वेळ नव्हता, म्हणजे खरं तर आळस होता. माझ्याकडे बातम्यांची आणि सरकारी अहवालांची नऊशे वाक्यं आयती टाइप केलेली पडून होती. तीच मी बाईंसमोर ठेवली. 'जनतेच्या सूचनांवर समाजात चर्चा सुरू आहे.' 'या योजनेचा पुनर्विचार व्हावा.' बाईंनी एकदाच चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी घरी असं बोलत नाही हं." मी म्हटलं, अक्षरं तर सगळी आली ना? क पासून ज्ञ पर्यंत एकही सुटलेलं नाही. माझा तोरा काय वर्णावा!

नऊ दिवस त्यांनी वाचलं. दोन दिवस संगणक शिकला. बाराव्या दिवशी काकांना वाचनालयात बोलावलं, खुर्चीत बसवलं, आणि बाईंनी टाइप केलं: 'आज चांगले झोपलात. आता चला, जुना बाजार उघडला असेल.'

संगणक बोलला. आवाज हुबेहूब बाईंचा. माझ्या अंगावर काटा आला आणि मी काकांकडे मोठ्या ऐटीत पाहिलं.

काकांनी कान संगणकाकडे वळवला. मग म्हणाले, "ही कोण बाई?"

"काका, या बाईच आहेत. म्हणजे त्यांचा आवाज."

"आवाज हिचा आहे. माणूस दुसरं आहे." ते खुर्चीतून उठले. "हिला भाषण करता येईल. माझ्यावर रागावता यायचं नाही."

एवढं बोलून ते काठी घेऊन चालू लागले. मला राग आला. बारा दिवस राबले आणि हे बक्षीस! मी बाईंना म्हटलं, काकांना कौतुक म्हणून नाहीच. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि संगणकाला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी माझ्या पाठीत हलकी चापट मारली. "शहाणे, ऐक. याला दाताचा च माहीतच नाही."

मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, म्हणूनच ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अक्षर एक, उच्चार दोन. 'चंद्र' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चाक' म्हणताना दातांच्या मागे. 'जनता' टाळूची, 'जाड' दाताचा. झ चंही तसंच. कुठे काय म्हणायचं हे अक्षर सांगत नाही, शब्दाचं कूळ सांगतं. संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले जे पुस्तकी शब्द आहेत, त्यांत जीभ नेहमी टाळूला. जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात झिजत झिजत आपल्यापर्यंत आले, त्यांत दाताला. 'चक्र' आणि 'चाक' मुळात एकच. एक पुस्तकात राहिलं म्हणून त्याचा च टाळूचा आणि त्याचं जोडाक्षरही शाबूत. दुसरं रस्त्यावर गडगडत आलं, त्याचं जोडाक्षर झिजलं आणि च दाताकडे सरकला. पुढे इ किंवा ए आली तर मात्र घरच्या शब्दांतही जीभ टाळूकडेच जाते. 'माझा' दाताचा, पण 'माझी' टाळूची.

आणि मी बाईंकडून नऊ दिवस काय वाचून घेतलं होतं? जनता, समाज, योजना, सूचना, चर्चा, विचार. सगळं टाळूचं. शब्दाच्या सुरुवातीला दाताचा च त्या नऊशे वाक्यांत औषधापुरता होता. शिवाय मी यंत्राला सांगितलं होतं, की च म्हणजे एकच आवाज. बिचाऱ्याने बहुमत पाहिलं आणि 'चला' सुद्धा 'चर्चा'सारखं म्हटलं. माणूस दुसरं वाटणार नाही तर काय!

मी आमच्या प्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "लोकांना अर्थ कळतो ना? मग झालं. हातात नऊ दिवस आहेत, बाईंना विश्रांती घेऊ दे." त्यांचं म्हणणं माणुसकीचं होतं, म्हणून मला उलट उत्तर देता येईना.

बाईंना मात्र देता आलं. त्या माझ्या मागोमाग आल्याच होत्या. "साहेब, अर्थ कळायला मला यंत्र कशाला? अर्थ त्यांना माझ्या पावलांवरूनही कळतो. मला बोलायचंय." आणि माझ्याकडे वळून, "उद्या घरी ये. घरचे शब्द गोळा करायचेत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुटांची चार रिकामी खोकी मांडलेली होती. खिडकीखाली काका एका खुर्चीची बैठक विणत बसले होते, पाण्याच्या बादलीत वेत भिजत होता. घरात बोलल्या जाणाऱ्या, च, ज, झ असलेल्या शब्दांच्या दोन हजार चिठ्ठ्या मी कापून आणल्या होत्या. प्रत्येक शब्दाला कूळ चिकटवायचं होतं. आवाज वाचवायचा म्हणून बाईंनी तोंडाला कुलूप घातलं होतं. मी चिठ्ठी वाचायची, काकांनी शब्द म्हणायचा, बाईंनी बोटाने खोकं दाखवायचं, असं ठरलं.

खोक्यांना नावं काकांनीच दिली. घरचे, पुस्तकी, जुने भाडेकरू आणि नवे पाहुणे.

"भाडेकरू कोण?" मी विचारलं.

"जमीन, बाजार, दरवाजा. हे फारसीतून आलेत म्हणे. पण इतकी वर्षं राहिलेत, की घरचंच खातात, घरच्यासारखंच बोलतात. त्यांचा ज दाताचा. आणि पाहुणे म्हणजे तुझं ते जॅकेट आणि चार्जर. कालपरवा आलेत. त्यांची जीभ अजून टाळूला."

कुठे अडलं तर काकांची एक युक्ती होती, आणि ती मला कुठल्या पुस्तकात शिकवली नव्हती. शब्दाला 'ला' लावून बघायचा. "चूल, चुलीला. बघ, ऊ आखडला. घरची आहे. जमीन, जमिनीला. आखडली. भाडेकरू, पण घरचं वळण लागलेली. राजदूत, राजदूताला. ताठ! हा पुस्तकी, हा कुणापुढे वाकत नाही. जूस, जूसला. हा तर वाकतही नाही आणि 'ला'च्या आधी आपल्यासारखा 'आ'ही घेत नाही. चपला घालूनच बसलाय पाहुणा."

दर वेळी युक्ती लागू पडली असं नाही. 'चार' आला. शब्द अगदी घरचा, पण च टाळूचा. काका तीनदा म्हणाले, तिन्ही वेळा टाळूचाच. मी म्हटलं, नियम मोडला. बाईंनी पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'प्रत्येक घरात एक हट्टी असतो', आणि ती चिठ्ठी घरच्यांच्याच खोक्यात टाकून तिच्यावर लाल खूण केली. मी ते मोठ्याने वाचल्यावर काका म्हणाले, "या घरात तो कोण, ते विचारू नकोस."

दोन दिवसांत चिठ्ठ्या संपल्या. मी रात्रीचा दिवस केला वगैरे काही नाही, पण जेवताना डावा हात कीबोर्डवर असायचा. शब्दांची कुळं संगणकात भरली, दाताचा आणि टाळूचा असे दोन वेगळे आवाज त्याला शिकवले आणि नव्या वाक्यांसाठी बाईंना पुन्हा त्या तापलेल्या खोलीत बसवलं. आता आवाज वीसच मिनिटं टिकत होता. या वेळी वाक्यं बाईंनी स्वतः लिहिली होती. 'झाडू जागेवर ठेवा.' 'चाकू धुतला का?' 'जरा जवळ या.' 'काच फुटली, चप्पल घाला.' एकेक वाक्य म्हणजे त्यांच्या संसाराचा एकेक कोपरा होता, आणि खोलीच्या काचेच्या या बाजूला बसून मी ते ऐकत होते. मला फार अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावताना व्हावं तसं.

या नव्या वाचनाच्या चौथ्या दिवशी मी पुन्हा माती खाल्ली. कुळाची खूण मी अख्ख्या शब्दाला लावली होती. त्यामुळे 'चंद्राचा' म्हणताना संगणक शेवटचा 'चा'सुद्धा टाळूचा म्हणू लागला. मूळ शब्द पुस्तकी असला तरी त्याच्या शेपटीला लागणारा 'चा' घरचाच असतो. एकाच शब्दात आधी टाळू, मग दात. आपण तो दिवसातून शंभर वेळा म्हणतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. मी डोक्याला हात लावला. सगळे शब्द फोडायचे, मूळ वेगळं, प्रत्यय वेगळा, आणि हाती तीन दिवस!

"बाई, एवढं राहू दे," मी म्हणाले. "चालेल की."

बाईंचा आवाज तोवर घोगरा झाला होता. तरी त्या माझ्यासाठी तीन शब्द बोलल्या. "चालेल म्हणू नकोस."

मग मी नाही म्हटलं. दातओठ खाऊन बसले, सगळे शब्द फोडले. बाई रोजची वीस मिनिटं वाचत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज मध्येच फाटायचा, सहाव्या दिवशी वाक्याच्या शेवटी नुसती हवाच उरायची. दोन वाक्यांच्या मध्ये त्या डोळे मिटून बसत आणि मग बोटाने 'पुढचं' अशी खूण करत. सातव्या दिवशी, म्हणजे दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या सकाळी, शेवटचं वाक्य झालं, 'झोपा आता.' मी ध्वनिमुद्रण थांबवलं. बाईंनी पेल्यातलं पाणी संपवलं, रुमाल सोडून बांगड्या घातल्या आणि निघून गेल्या. दार लागल्यावर मी रडले. कुणी पाहिलं नाही म्हणून सांगायला हरकत नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. पाच आठवड्यांनी मी बोलणारं यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं. ते खूप हळू बोलत होते. घरात कुणी झोपलेलं असावं तसे. पाच आठवडे या घरात एकच माणूस बोलत होता आणि त्यालाही आता बोलायचा कंटाळा आला असावा. बाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याला पांढरी पट्टी. त्यांनी माझा हात धरला.

यंत्र मांडता मांडता मी माझं पाप कबूल केलं. आवाज एकसारखा आला नव्हता. पुस्तकी शब्द पहिल्या नऊ दिवसांतले, स्वच्छ, खणखणीत. घरचे शब्द शेवटच्या सात दिवसांतले, घोगरे, फाटलेले. एकाच वाक्यात दोन आवाज लागायचे. "मला घासूनपुसून सगळं सारखं करता येईल," मी म्हणाले. "घोगरेपणा काढता येतो. आठवडाभर द्या."

बाईंनी यंत्र पुढे ओढलं आणि टाइप करू लागल्या. काका खिडकीखाली वेताशी चाळा करत बसले होते. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. मागच्या वेळी काय झालं ते तेही विसरले नव्हते आणि मीही.

यंत्र बोललं: "समाजाच्या योजना पुरे झाल्या. पाच आठवडे झाडू कुठे टाकलात? जमिनीवरचा कचरा माझ्या पायाला लागतोय. उठा, जरा जागचे हला."

'समाजाच्या योजना' हे शब्द स्वच्छ आले. बाकीचं खरखरीत, दमलेलं, शेवटी थोडं फाटलेलं.

काका ताडकन उठले. "अगं, रोज काढतो कचरा! पाच आठवडे रोज काढतोय. झाडू दाराच्याच मागे आहे. तूच विचार हिला, काढतो की नाही..." मला साक्षीला धरायला ते माझ्याकडे वळले आणि मध्येच थांबले. काठी न घेताच ते खोलीच्या मध्यावर आले होते. हातातला वेत खाली पडला.

मी म्हणाले, "काका, तो घोगरेपणा मी काढून टाकणार आहे."

"हात लावशील तर बघ," काका म्हणाले. "बाहेर वाचताना ही तशी खणखणीत बोलायची. घरी आल्यावर दमून अशी." ते चाचपडत बाईंच्या खुर्चीपर्यंत गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि नाक ओढत म्हणाले, "हं, बोल. अजून काय काय चुकलंय माझं?"

बाई टाइप करू लागल्या. बराच वेळ करत राहिल्या.